ई.सी.जी.तला ‘ब्लॉक’ : डावा कोणता, उजवा कोणता?

निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार. वय ४६, अंगाने काटक, बागेत दिवसभर उभे राहणारे. हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते, म्हणून भूल देण्यापूर्वीचा नेहमीचा ई.सी.जी. काढला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्राने छापले होते : ‘राईट बंडल ब्रँच ब्लॉक’, आणि त्याखाली ‘अ‍ॅबनॉर्मल ई.सी.जी.’. गावात कोणीतरी कागद वाचला आणि बातमी पसरली, की यांच्या हृदयात ब्लॉक आहे. माझ्याकडे आले तेव्हा घरात दोन रात्री कोणी झोपले नव्हते. थोरला मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, अँजिओप्लास्टीला किती लागतील तेवढे सांगा. ट्रॅक्टरला गिऱ्हाईक बघून ठेवलंय.”

त्याच आठवड्यात सिन्नरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय ६१. रक्तदाब पंधरा वर्षांपासून, गोळ्या मात्र आठवण झाली तर. जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की धाप लागे, रात्री दोन उशा घ्याव्या लागत. पिशवीत दोन वर्षांपूर्वीचा एक ई.सी.जी. होता. त्यावर छापले होते, ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’. तो काढल्यावर बाई घरी गेल्या आणि कागद कपाटात गेला. का? “छातीत दुखत नव्हतं हो. शिवाय आमच्या भाच्यालाही असाच ब्लॉक निघाला होता. त्याला डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं.” भाच्याचा ब्लॉक उजवा होता.

दोघांच्याही कागदावर ‘ब्लॉक’ हा एकच शब्द होता. एकाने त्याचा अर्थ गरजेपेक्षा भयंकर घेतला, दुसऱ्याने गरजेपेक्षा किरकोळ. (ओळख पटू नये म्हणून दोघांचे तपशील थोडे बदलले आहेत.) हा घोळ आपल्या भागात नेहमी होतो, म्हणून आज या एका शब्दाविषयी.

पाणी नव्हे, वीज

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ज्याच्यासाठी फुगा घालतात, स्टेंट बसवतात, बायपास करतात, तो ब्लॉक रक्तवाहिनीतला असतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत चरबीचा थर साचून ती अरुंद होते. बंडल ब्रँच ब्लॉकचा या अडथळ्याशी थेट संबंध नाही. हा अडथळा हृदयातल्या विजेच्या मार्गातला आहे. घराला नळही असतो आणि विजेची तारही असते. तार तुटली म्हणून कोणी प्लंबरला बोलावत नाही.

हृदयाचा प्रत्येक ठोका एका सूक्ष्म विद्युतलहरीने सुरू होतो. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे कर्णिकेत, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा इशारा देतो. तो इशारा हृदयाच्या मध्यावरच्या एका ठाण्याशी येऊन क्षणभर थांबतो आणि मग एका जाड दोरीतून खाली उतरतो. या दोरीला, ती शोधणाऱ्या विल्हेल्म हिस यांच्या नावावरून, हिसची जुडी म्हणतात. खाली येताच दोरीच्या दोन शाखा होतात. उजवी शाखा उजव्या जवनिकेला इशारा देते आणि डावी शाखा डाव्या जवनिकेला. जवनिका म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे. उजवी जवनिका रक्त फुप्फुसांकडे ढकलते, तर डावी साऱ्या शरीराला पुरवते.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजायला अवघड नाही. नांदूरमधमेश्वरला गोदावरी अडवली आहे आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. हृदयातही तसेच आहे. फरक एवढाच, की तिथे एक कालवा बंद पडला तर त्या काठाची शेती कोरडी राहते. हृदयात तसे होत नाही. एखादा पाट बुजला तरी शेजारच्या वाफ्यातून पाणी झिरपत पुढच्या वाफ्यात येतेच, तशी लहर चालू शाखेच्या बाजूने स्नायूतून झिरपत दुसऱ्या बाजूला पोचते. पण पाटाचे पाणी आणि झिरपणारे पाणी यांच्या वेगात फरक असणारच. शाखांच्या खास तंतूंतून लहर सेकंदाला दोन ते चार मीटर धावते. साध्या स्नायूतून तिचा वेग त्याच्या काही अंशानेच असतो. म्हणून दोन्ही जवनिका एकदम आकुंचन पावण्याऐवजी एक आधी आणि एक किंचित मागाहून आकुंचन पावते. हृदय थांबत नाही, ठोका चुकत नाही. एक बाजू उशिरा येते, इतकेच.

कागदावर काय दिसते?

ई.सी.जी.चा कागद बारीक चौकटींचा असतो. कागद नेहमीच्या वेगाने सरकत असेल तर एक लहान चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, ०.०४ सेकंद. आलेखात मधे जो उंच टोकदार सुळका दिसतो, तो जवनिकांच्या आकुंचनाचा इशारा. निरोगी माणसात तो तीन लहान चौकटींपेक्षा अरुंद असतो, कारण दोन्ही बाजूंना इशारा जवळजवळ एकाच वेळी मिळतो. एक बाजू उशिरा आली की सुळका रुंदावतो. तीन लहान चौकटी किंवा त्याहून जास्त, म्हणजे ०.१२ सेकंद किंवा अधिक, झाला की पूर्ण बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. त्याहून थोडा कमी असेल तर अपूर्ण.

रुंदावलेला सुळका डावा की उजवा, हे छातीवरच्या पहिल्या तारेत, म्हणजे व्ही-१ मध्ये पाहतात. ही तार छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत लावतात. उजवी शाखा बंद असेल तर इथे सशाच्या दोन कानांसारखी आकृती येते. एक छोटे टोक, मग खाच, मग दुसरे उंच टोक. ते दुसरे टोक म्हणजे उशिरा आलेली उजवी जवनिका. डावी शाखा बंद असेल तर याच तारेत सुळका खाली जातो, खोल आणि रुंद. आणि डाव्या काखेजवळच्या व्ही-६ तारेत तो उंच, रुंद आणि डोक्यावर खाच पडलेला दिसतो.

या दोन आकृत्यांतला खरा फरक सुळक्याच्या कोणत्या भागात बिघाड होतो, हा आहे. उजवा ब्लॉक असताना डावी जवनिका नेहमीप्रमाणे, वेळेवर चालते. सुळक्याचा आरंभ तोच राहतो, बिघडते ती फक्त शेपटी. डावा ब्लॉक असताना मात्र पहिल्याच पावलाला दिशा उलटते. दोन जवनिकांमधल्या पडद्यातून एरवी डावीकडून उजवीकडे जाणारी लहर उजवीकडून डावीकडे जाते आणि सबंध आकृतीच बदलते. पुढच्या साऱ्या गोष्टी या एका फरकातून निघतात.

डावे-उजवे ओळखणे मोठ्या शास्त्रज्ञांनाही सोपे गेलेले नाही. या शाखांचे सविस्तर वर्णन १९०६ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने केले. पुढे व्हिएन्नात कुत्र्यांच्या हृदयातल्या शाखा कापून आलेख काढले गेले आणि तेच नियम माणसाला लावले गेले. पण कुत्र्याचे हृदय छातीत निराळे बसलेले असते. परिणाम असा झाला, की जवळजवळ वीस वर्षे डाव्या ब्लॉकला उजवा आणि उजव्याला डावा म्हटले जात होते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत शस्त्रक्रियेत उघड्या पडलेल्या मानवी हृदयावर प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली.

उजवा ब्लॉक काय सांगतो?

उजवी शाखा म्हणजे एक लांब, बारीक धागा. लहानशा ओरखड्यानेही तो बंद पडू शकतो. म्हणूनच संपूर्ण निरोगी हृदयातही उजवा ब्लॉक सापडतो आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते. पुष्कळांना तो असल्याचे आयुष्यभर कळत नाही. कळते ते विमा काढताना, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा ऑपरेशनपूर्वी.

आपल्या बागायतदारांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे त्रास. त्यांना धाप लागत नव्हती, चक्कर येत नव्हती, छाती दुखत नव्हती, आणि घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले नव्हते. दुसरी म्हणजे जुना आलेख. चौकशी केली तेव्हा आठ वर्षांपूर्वी विमा पॉलिसीसाठी काढलेला ई.सी.जी. घरी सापडला. सशाचे तेच दोन कान त्यातही होते. तिसरी म्हणजे इको, हृदयाची सोनोग्राफी. त्यात झडपा, पडदा, दोन्ही जवनिका आणि फुप्फुसाकडचा दाब सारे नीट निघाले. मुलाला सांगितले, “ट्रॅक्टर विकू नका. या ब्लॉकला गोळी नाही, कारण तिची गरजच नाही.” महिन्याभरात हर्नियाचे ऑपरेशन झाले.

मात्र उजवा ब्लॉक नेहमीच निरुपद्रवी, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. उजव्या जवनिकेवर ताण पडला तरी ही आकृती येते. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाची फुप्फुसे खराब झाली, की उजव्या जवनिकेला जास्त दाबाने पंप करावे लागते. ऑपरेशननंतर किंवा हाड मोडून बरेच दिवस अंथरुणात असलेल्याला एकाएकी दम लागला, पोटरी सुजली आणि ई.सी.जी.त नवा उजवा ब्लॉक दिसला, तर पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असण्याची शंका घ्यावी लागते. तिथे तासांचा प्रश्न असतो. तरुण मुलामुलींत अपूर्ण उजवा ब्लॉक आणि स्टेथोस्कोपला वेगळा आवाज असेल, तर कर्णिकांमधल्या पडद्याला जन्मजात छिद्र आहे का, ते इकोने पाहावे.

आणखी एक प्रकार दुर्मीळ, पण जीवघेणा आहे. मूळच्या स्पेनच्या ब्रुगाडा बंधूंनी तो १९९२ मध्ये मांडला. व्ही-१ आणि व्ही-२ मध्ये उजव्या ब्लॉकसारखी आकृती दिसते, पण सुळक्यानंतरची रेघ उंचावून उताराने खाली येते. अशा माणसाला झोपेत किंवा तापात ठोक्यांची घातक गडबड होऊ शकते. म्हणून उजव्या ब्लॉकसारखा आलेख असलेल्याला “कधी बेशुद्ध पडलात का? घरात कोणी तरुणपणी झोपेत गेले का?” हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये.

आणि एक साधी चूक. व्ही-१ ची पट्टी घाईत दोन बरगड्या वर चिकटवली, तर निरोगी माणसातही अपूर्ण उजव्या ब्लॉकचा आभास होतो. अशा वेळी पट्टी जागेवर लावून आलेख पुन्हा काढणे, हाच पहिला उपाय.

डावा ब्लॉक काय सांगतो?

डावी शाखा बारीक धागा नाही. ती रुंद आहे आणि पंख्यासारखी पसरत पुढे आणि मागे वाटली जाते. ती संपूर्ण बंद पडायची तर नुकसानही बहुधा मोठे असावे लागते. म्हणून डावा ब्लॉक दिसला, की त्यामागे आजार आहे का, हे शोधणे भाग असते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड झालेली डावी जवनिका, महारोहिणीच्या तोंडाची आकसलेली झडप, जुना हृदयविकाराचा झटका आणि हृदयाच्या स्नायूचाच अशक्तपणा ही त्याची नेहमीची कारणे. काही जणांत मात्र इको पूर्ण नीट निघतो, फक्त विजेचा मार्ग झिजलेला असतो. त्यांनाही अधूनमधून इको करून लक्ष ठेवावे लागते.

का, ते शिक्षिकाबाईंच्या तपासणीत दिसले. त्यांचा सुळका चार लहान चौकटींचा होता, ०.१६ सेकंद. इकोत डाव्या जवनिकेची पंप करण्याची ताकद ३० टक्के निघाली. निरोगी हृदयात ती ५५ टक्क्यांच्या पुढे असते. पडद्यावर हृदय हलताना पाहिले, तर मधला पडदा आधी आत ओढला जाई आणि समोरची भिंत मागाहून. दोघांनी मिळून गोणी उचलायची आणि एकाने आधी जोर लावायचा, दुसऱ्याने तो सोडल्यावर, अशातला प्रकार. ताकद खर्च होते, गोणी जागची हलत नाही. आधी अशक्त झालेल्या हृदयाला हा बेताल कारभार आणखी अशक्त करतो. काही रुग्णांत तर केवळ डाव्या ब्लॉकमुळे वर्षांमागून वर्षे हृदय खालावत जाते.

बाईंची अँजिओग्राफी केली. रोहिण्या मोकळ्या होत्या. म्हणजे त्यांना खरोखरच ‘तो’ ब्लॉक नव्हता, तरीही हृदय धोक्यात होते. रक्तदाब काबूत आणून हृदयाच्या अशक्तपणाची औषधे पूर्ण मात्रेत दिली आणि तीन महिन्यांनी इको पुन्हा केला. ताकद ३२ टक्के, धाप कमी पण होतीच. मग तीन तारांचा खास पेसमेकर बसवला. एक तार उजव्या कर्णिकेत, एक उजव्या जवनिकेत आणि तिसरी हृदयाच्या एका नीलेतून डाव्या जवनिकेच्या बाहेरच्या अंगाला. यंत्र दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देते आणि हरवलेला ताल परत आणते. हा उपचार १९९० च्या दशकात सुरू झाला. डावा ब्लॉक, सुळका ०.१५ सेकंद किंवा अधिक, ताकद ३५ टक्के किंवा कमी आणि औषधे पुरेशी घेऊनही त्रास, अशा रुग्णांना त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. अलीकडे एकच तार मधल्या पडद्यात खोल नेऊन डाव्या शाखेलाच जागे करण्याची पद्धतही वापरात आली आहे. वर्षभराने बाईंची ताकद ४५ टक्के झाली. त्या आता एका उशीवर झोपतात. दोन वर्षांपूर्वीचा तो कागद कपाटात न जाता इकोपर्यंत गेला असता तर हृदय एवढे खालावण्याआधीच औषधे सुरू झाली असती, ही रुखरुख मात्र राहते.

छातीत दुखले तर?

डाव्या ब्लॉकची आणखी एक अडचण आहे. सुळक्याचा आरंभच बदललेला असल्याने हृदयविकाराच्या झटक्याच्या नेहमीच्या खुणा त्यात झाकल्या जातात. कागद आधीच वेडावाकडा असतो, त्यात नवे काय झाले ते कळत नाही. १९९६ मध्ये एलेना स्गारबोसा यांनी अशा आलेखातही झटका ओळखण्याच्या काही खुणा सांगितल्या आणि त्या आजही वापरतात. पण त्या दिसल्या नाहीत म्हणून झटका नाहीच, असे म्हणता येत नाही. उजव्या ब्लॉकमध्ये या खुणा बऱ्याचशा वाचता येतात. मात्र छातीत कळ येत असताना उजवा ब्लॉक नव्याने दिसला, तर तोही गंभीर मानावा लागतो.

त्यामुळे डावा ब्लॉक असलेल्या माणसाच्या छातीत दडपल्यासारखे झाले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर ‘आपला ई.सी.जी. असाच असतो’ म्हणून घरी थांबू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे रक्तातली ट्रोपोनिनची चाचणी आणि इको यांचा आधार घेता येतो. तसेच डाव्या ब्लॉकवाल्यांनी चालत्या पट्ट्यावरची साधी स्ट्रेस टेस्ट करून समाधान मानू नये. तिचा आलेख त्यांच्या बाबतीत विश्वासाचा नसतो. तिच्याऐवजी दुसरी तपासणी कोणती, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

ब्लॉक डावा असो वा उजवा, चक्कर येऊन भान हरपत असेल तर थांबू नये. शाखांपैकी उरलेली वाटही अधूनमधून बंद पडत असेल, तर पेसमेकर लागू शकतो.

जुना कागद जपून ठेवा

दोन्ही रुग्णांच्या कथेत एक जुना कागद होता. एकाला त्याने वाचवले, दुसरीला वेळेवर वाचवू शकला असता. ब्लॉक जुना की नवा, हे सांगणारा त्याच्याइतका स्वस्त साक्षीदार दुसरा नाही. पण ई.सी.जी.चा कागद उष्णतेने उमटणारा असतो. काही वर्षांत तो फिका पडतो आणि उन्हात, गाडीत राहिला तर लवकर खराब होतो. टिकावा म्हणून कोणी त्याला गरम लॅमिनेशन करतात आणि सबंध कागद काळा पडतो! तेव्हा काढल्याच दिवशी झेरॉक्स करून घ्यावी, मोबाईलवर स्वच्छ फोटो काढावा आणि त्यावर तारीख व नाव नीट दिसते ना, ते पाहावे.

आणि कागदावर ‘ब्लॉक’ हा शब्द दिसला, तर डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारावेत : डावा की उजवा? नवा की जुना? आणि इको केला का?